ऑर्डरी का थांबल्या? डिचोलीतल्या एका घरगुती उद्योगानं जुन्या ग्राहकांना पाठवलेला मेसेज

पार्श्वभूमी

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका घरात कोकमाचं आगळ, सोलां, शाकुतीचा मसाला, तिरफळ, उकडे तांदूळ आणि काजूगर यांचा छोटा धंदा चालतो. घरची बाई, तिची भाची आणि कामाला येणाऱ्या दोघी, एवढंच मनुष्यबळ. त्या बाईंना इथे ताई म्हणते. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. मी छोट्या घरगुती उद्योगांना हिशेब आणि ग्राहकांच्या नोंदी लावून देते, त्या निमित्तानं त्यांच्याकडे जाणं झालं.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पैसे यूपीआयनं येतात. माल डिचोली, साखळी, म्हापसा भागात हातोहात पोचतो. मुंबई-पुण्याच्या गोवेकरांना तो कुरियरनं जातो. तीन वर्षांत वहीत 412 नावं जमली होती. यादी वाढत होती, पण महिन्याच्या ऑर्डरी तिथल्या तिथेच होत्या. याचा अर्थ उघड होता. जेवढे नवे येत होते, जवळपास तेवढेच जुने मागच्या दारानं निघून जात होते.

ताईंचं निदान तयार होतं. "महाग झालंय गो सगळं. लोकांना स्वस्त पाहिजे." भाचीला वाटत होतं की लोक मोठ्या ऑनलाइन दुकानांकडे वळले. विचारलं मात्र कोणालाच नव्हतं. म्हणून गेल्या फेब्रुवारीत ठरलं की जुन्या ग्राहकांना थोडे प्रश्न पाठवायचे आणि उत्तर देणाऱ्याला काहीतरी द्यायचं. पाठवायला मार्चचा मधला काळ धरला, शिगम्याचे गडबडीचे दिवस टाळून. मे महिन्यात नवं आगळ तयार होतं, त्याआधी उत्तरं हाती यायला हवी होती.

"थांबलेला" ग्राहक कोण?

भाचीनं पहिली यादी साधा नियम लावून काढली: सहा महिन्यांत ऑर्डर नाही तो थांबलेला. अशी 173 नावं निघाली. ती वाचताना ताईच म्हणाल्या, "ही बाय दर वर्षी मे महिन्यात दोन बाटल्या आगळ नेते, तेवढंच. ही कुठे थांबलीय?"

खरं होतं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, तो वर्षभर टिकतो. चार माणसांच्या घराला एक लिटर बरेच महिने पुरतं. त्या बाईला मार्चमध्ये "ऑर्डर का थांबवलीत?" असं विचारलं असतं तर ती गोंधळली असती. उलट मसाला नेणारी एक ग्राहक दर चाळीसेक दिवसांनी ऑर्डर द्यायची आणि आता शंभर दिवस गप्प होती. सहा महिन्यांच्या नियमात ती सापडतच नव्हती.

मग नियम बदलला. ज्यांच्या तीन किंवा जास्त ऑर्डरी होत्या, त्यांचं दोन ऑर्डरींमधलं नेहमीचं अंतर काढलं. त्या अंतराच्या दुप्पट दिवस गेले असतील तर तो थांबलेला. एकदोनच ऑर्डरी असलेल्यांसाठी वस्तू बघितली. फक्त हंगामी माल नेणारे 61 जण यादीतून गेले आणि नव्या नियमानं 9 जण आत आले. राहिले 121.

त्यानंतर ताईंनी यादी एकदा तोंडानं वाचली. हे काम संगणकाकडून होत नाही. दोन ग्राहक वारले होते. सात नंबर बंद होते किंवा दुसऱ्याच माणसाकडे गेले होते. चार जण नात्यातले होते, त्यांच्याशी फोनवर बोलता येत होतं. वारलेल्या माणसाच्या नंबरावर "तुम्ही ऑर्डर का देत नाही?" असा मेसेज त्याच्या बायकोनं उघडला असता, तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. यादी 108 वर आली.

पहिला मसुदा आणि त्याचं काय झालं

मसुदा भाचीनं लिहिला. तो जसाच्या तसा देते, कारण असे मेसेज आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात.

"नमस्कार! खूप दिवसांत आमची आठवण नाही काढलीत! आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात. आपली काही नाराजी आहे का? खालील लिंकवर 12 प्रश्नांची उत्तरे द्या आणि पुढील ऑर्डरवर 10 टक्के सूट हे बक्षीस मिळवा. त्वरा करा!"

मला तो पटला नव्हता, पण वाद घालण्यापेक्षा करून बघू म्हटलं. यादीतले 20 जण चिठ्ठ्या टाकून निवडले आणि त्यांनाच तो पाठवला. 20 जणांवर चूक झाली तर 88 जण अजून हातात राहतात, एवढाच हिशेब.

पाच उत्तरं आली. पाचही गोड. "सगळं छान आहे ताई." "अगो, राहूनच गेलं, आता नक्की मागवते." एकानं लिहिलं, "नाराजी कसली, घरचीच माणसं आपण." तिघांनी सूट वापरून ऑर्डरही दिली. ताई खूश झाल्या. मला मात्र काळजी वाटली, कारण ऑर्डर का थांबली याचं एकही कारण त्या पाच उत्तरांत नव्हतं.

मेसेज परत वाचला तेव्हा तीन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली गोष्ट सूट देण्याची. पुढच्या ऑर्डरवर 10 टक्के सूट कोणाला हवी असते? ज्याला पुढची ऑर्डर द्यायचीच आहे त्याला. जो कंटाळून गेला त्याच्या लेखी तिची किंमत शून्य. म्हणजे ज्यांच्याकडे खरं कारण होतं, नेमकं त्यांनाच उत्तर देण्यात काही मिळत नव्हतं. मोबदल्यानं उत्तर देणाऱ्यांची चाळण केली होती, आणि ती उलटी चाळण होती.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या वाक्याची. "आमची आठवण नाही काढलीत" हे प्रेमानं लिहिलेलं असलं तरी वाचणाऱ्याच्या कानाला टोमणा लागतो. टोमण्यावर माणूस माफी मागतो, कारण सांगत नाही. "राहूनच गेलं" हे उत्तर आम्हीच त्यांच्या तोंडी घातलं होतं.

तिसरी गोष्ट "बक्षीस" या शब्दाची. "तुम्हाला बक्षीस लागलंय" म्हणून लोकांचे पैसे लुबाडणारे मेसेज इतके फिरतात की हा शब्द आणि लिंक एकाच मेसेजमध्ये दिसली की शहाणा माणूस तो पुसून टाकतो. पंधरा जण गप्प राहिले त्यात असे किती असतील ते सांगता येत नाही. पण ताईंच्या एका ग्राहकानं फोन करून विचारलं होतं, "तुमचा फोन कोणी हॅक केलाय का?"

पर्याय

मोबदला काय द्यायचा यावर दोन संध्याकाळ गेल्या. ताईंच्या मनात सोलांचं पाकीट होतं. घरचं, आपलं, देताना बरं वाटणारं. डिचोलीत ते चाललं असतं, पण मुंबईला पाकिटापेक्षा ते पोचवायचा खर्च जास्त. शिवाय ज्याची आमच्या मालाबद्दल तक्रार आहे, त्याला आमचाच माल देणं बरोबर नाही.

भाचीनं सोडत सुचवली: उत्तर देणाऱ्यांतून एकाला हजार रुपये. खर्च ठरलेला राहतो, ही सोडतीची जमेची बाजू. पण शंभरात एकाच्या नशिबी येणाऱ्या हजारापेक्षा प्रत्येकाच्या हातात नक्की पडणारी छोटी रक्कम माणसाला जास्त हलवते, हा सर्वेक्षणं करणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. आणि सोडत म्हटलं की पुन्हा तोच फसवणुकीचा वास.

उत्तर येण्याआधीच पैसे पाठवणं हा सर्वांत जोरदार पर्याय. आधी मिळालेल्या मोबदल्यानं उत्तरं वाढतात, नंतर देण्याच्या आश्वासनानं तेवढी वाढत नाहीत, हेही या कामातल्या माणसांना ठाऊक असतं. पण न मागता खात्यात पैसे आले तर आजकाल माणूस घाबरतो. चुकून पैसे आले, परत करा, अशा बतावणीनं फसवणारे आहेत. म्हणून तो पर्याय मनाविरुद्ध सोडला.

शेवटी ठरलं: उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला 50 रुपये, यूपीआयनं, ऑर्डरशी काहीही संबंध नाही. 88 पैकी निम्म्यांनी उत्तर दिलं तरी खर्च 2,200 रुपये. रक्कम मुद्दाम लहान ठेवली. 500 रुपये ठेवले असते तर पैशासाठी काहीतरी लिहून देणारे वाढले असते आणि ताईंचं मन राखायला चांगलंच लिहावं असं दडपणही आलं असतं.

त्या 50 रुपयांना म्हणायचं काय, यावरही बोलणं झालं. ताई म्हणाल्या, "चहापाण्याला लिही." मी नको म्हटलं. सरकारी कचेरीतल्या कामासाठी टेबलाखालून जे देतात त्यालाही आपण चहापाणीच म्हणतो. "भेट" म्हटलं तर परतफेड आली. "तुमच्या वेळेचे 50 रुपये" हे सरळ वाटलं, तेच ठेवलं.

मेसेज कोणाच्या नावानं जावा, हा याहून अवघड प्रश्न होता. ताईंच्या नंबरावरून गेला तर लोक उघडणार, कारण नंबर ओळखीचा. पण ताईंना थेट वाईट लिहायचं कसं? गोव्यात कोण कोणाच्या मावशीची जाऊ निघेल सांगता येत नाही. उद्या देवळात समोर उभ्या राहिल्या तर? माझ्या नंबरावरून गेला तर मन मोकळं करता येईल, पण अनोळखी नंबरावरची लिंक कोण उघडणार? आम्ही दोन्ही जोडलं. निमंत्रण ताईंचं, उत्तरं माझ्याकडे, आणि ताईंना ती नावाशिवाय वाचून दाखवायची.

दुसरा मसुदा

"नमस्कार ____ताई. मी डिचोलीहून ____ बोलतेय, आगळ-मसाल्यांवाली. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही एक लिटर आगळ आणि शाकुतीचा मसाला मागवला होता. त्यानंतर तुमची ऑर्डर आली नाही. ज्यांच्या ऑर्डरी थांबल्या त्यांच्या घरी पुढे काय झालं, आमचं कुठे चुकलं का, ते मला समजून घ्यायचं आहे.

तीन प्रश्न आहेत, पाच मिनिटं लागतील. उत्तरावर तुमचं नाव येत नाही. उत्तरं माझ्या ओळखीच्या एक बाई वाचतील आणि मला नाव न सांगता कळवतील. तुमच्या वेळेचे 50 रुपये आम्ही यूपीआयनं पाठवू, उत्तर चांगलं असो की वाईट. नको असतील तर ती जागा रिकामी सोडा. पिन किंवा ओटीपी आम्ही कधीच विचारत नाही. पैसे मिळायला तो लागतही नाही.

लिंक उघडायची नसेल तर या नंबरावर बोलून पाठवा: ____. मराठी, कोंकणी, काहीही चालेल. मेसेज खरा की खोटा अशी शंका आली तर मला सरळ फोन करा. 25 मार्चपर्यंत उत्तर आलं तर बरं. हे निमित्त करून तुम्हाला काही विकायला मेसेज करणार नाही."

मेसेज लांब आहे, हे खरं. भाचीची तक्रार तीच होती. पण ग्राहकाच्या मनात येणारी प्रत्येक शंका त्यात आधीच मिटवलेली आहे. हे कोण? माझा नंबर कुठून मिळाला? किती वेळ जाईल? पैसे खरे का? वाईट लिहिलं तर? शेवटच्या ऑर्डरचा महिना आणि वस्तू हीच सर्वांत मोठी खूण ठरली, कारण फसवणाऱ्याला ती ठाऊक नसते.

प्रश्न बारावरून तीनवर आणले. "ऑर्डर का थांबवलीत?" हा प्रश्न मुद्दाम ठेवला नाही. "का" विचारलं की माणूस शोभेल असं कारण शोधतो. त्याऐवजी घडलेलं विचारलं.

पहिला प्रश्न: शेवटची ऑर्डर घरी आली, तेव्हापासून पुढे काय झालं ते आठवेल तसं सांगा. दुसरा: आता आगळ किंवा मसाला लागतो तेव्हा काय करता? तिसरा: आम्हाला सांगावंसं वाटलं पण सांगितलं नाही, असं काही होतं का? पुन्हा ऑर्डर द्याल का, हे विचारलंच नाही. त्याला "हो" म्हणायला काहीच खर्च पडत नाही, म्हणून त्या उत्तराला किंमत नसते.

नाव लपवायचं आणि पैसेही पाठवायचे

इथे एक पेच होता. नाव नसेल तर 50 रुपये कोणाला पाठवायचे? त्यासाठी दोन गुगल फॉर्म केले. पहिल्यात तीन प्रश्न, नाव-नंबर काही नाही. तो पाठवल्यावर जो आभाराचा संदेश दिसतो, त्यात दुसऱ्या फॉर्मची लिंक ठेवली. दुसऱ्यात एकच रकाना, पैसे कोणत्या नंबरावर पाठवायचे. हा संदेश बदलायची जागा Settings मध्ये Presentation खाली Confirmation message या नावानं मिळते. ईमेल गोळा करणं बंद ठेवलं. Limit to 1 response सुद्धा बंद ठेवलं, कारण ते चालू केलं की गुगल खात्यातून आत यावं लागतं आणि वयस्कर माणूस तिथेच थबकतो.

एवढं करूनही एक फट राहते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दोन्ही फॉर्मच्या उत्तरांवर वेळेचा शिक्का पडतो. एकाचं उत्तर 9:14 ला आणि दुसऱ्यातला नंबर 9:15 ला आला असेल तर नाव सांगायची गरजच उरत नाही. म्हणून दोन्ही तक्ते फक्त माझ्याकडे ठेवले. ताईंना दाखवायच्या प्रतीतून वेळेचा रकाना काढला आणि उत्तरांचा क्रम विसकटून टाकला. कोणी "पुण्याला मुलीकडे राहायला गेले" असं लिहिलं असेल तर "दुसऱ्या गावी गेले" एवढंच ठेवलं. मेसेजमध्ये शब्द दिला होता, तो पाळायचा तर एवढं करावंच लागतं.

पाठवणं

एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवणारी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरली नाही. ज्यानं आपला नंबर फोनमध्ये जतन केलेला असतो त्यालाच ब्रॉडकास्ट मेसेज पोचतो, इतरांना तो जातच नाही आणि आपल्याला कळतही नाही. तुटलेल्या ग्राहकानं नंबर पुसलेला असण्याची शक्यता जास्त. म्हणून भाचीनं 88 मेसेज एकेक करून, नाव आणि शेवटची ऑर्डर भरून, पाच दिवसांत पाठवले. दिवसाला सतराअठरा, संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान.

पाच दिवसांनी एकदाच आठवण केली. कोणी उत्तर दिलं हे आम्हाला नीट माहीत नसल्यानं ती सगळ्यांनाच गेली: "उत्तर दिलं असेल तर मनापासून आभार, हा मेसेज सोडून द्या." त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

काय हाती आलं

88 पैकी 37 उत्तरं आली. त्यातली 12 आठवणीच्या मेसेजनंतरची. नऊ जणांनी बोलून पाठवलं, त्यातले बरेच कोंकणीत. पैसे 33 जणांनी घेतले, म्हणजे 1,650 रुपये खर्च. चौघांनी ती जागा रिकामी सोडली. त्यातल्या एकांनी लिहिलं, "पैशासाठी सांगत नाही. विचारलंत म्हणून सांगतो."

सर्वांत मोठा गठ्ठा 13 जणांचा होता, आणि त्यात किमतीचा उल्लेखही नव्हता. त्यांच्याकडे आगळ सांडलं होतं. एकीनं लिहिलं होतं की खोका उघडला तर मसाल्याची पुडी जांभळी झाली होती, तांदळाच्या पिशवीच्या तळाशी ओल होती आणि झाकणाच्या कडेला गंज. तिनं तांदूळ धुऊन वाळवले, बाटली पुसून ठेवली, ताईंना "मिळालं, थँक्यू" असा मेसेज केला आणि पुन्हा ऑर्डर दिली नाही. तिसऱ्या प्रश्नाला तिचं उत्तर होतं: "एवढ्या कष्टानं करतात, त्यांना कसं सांगायचं?" या 13 पैकी फक्त दोघांनी त्या वेळी ताईंना कळवलं होतं. ताईंनी दोघांना नवी बाटली पाठवली आणि कुरियरवाल्याला दोष देऊन विषय संपवला.

नऊ जणांना कुरियरचा खर्च डाचत होता. एक पुडी मसाला हवा तर पोचवायला मसाल्याएवढेच पैसे. सात जणांना वाटत होतं की धंदा बंद पडला. ताईंकडून ब्रॉडकास्टवर जाणारी मालाची महिन्याची यादी त्यांना येणं थांबलं होतं, कारण त्यांनी फोन बदलला आणि ताईंचा नंबर नव्या फोनमध्ये आला नाही. ब्रॉडकास्टचा तोच दोष महिनोन् महिने ग्राहक गळवत होता आणि आम्ही तो फक्त सर्वेक्षणापुरता टाळला होता. सहा जणांच्या घरचीच परिस्थिती बदलली होती: मुलं बाहेरगावी, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं. उरलेल्या दोघांची कारणं वेगळी होती. महाग वाटतं म्हणून सोडलं, असं मालाच्या किमतीबद्दल एकानंही मुख्य कारण म्हणून लिहिलं नाही.

मी ही उत्तरं ताईंच्या पडवीत बसून वाचली. सातव्या सांडलेल्या बाटलीपाशी त्या उठल्या, आतून दहा भरलेल्या बाटल्या आणल्या आणि वर्तमानपत्रावर आडव्या घातल्या. सकाळी चार बाटल्यांखाली जांभळे डाग होते. झाकणं पत्र्याची. आगळ आंबट आणि खारट, ते पत्र्याला खातं. बाटली उभी असली तर कळत नाही, कुरियरच्या गाडीत आडवी झाली की झिरपतं.

जे बोलले नाहीत

37 उत्तरांवर थांबायचा मोह होता. पण 51 जण बोललेच नव्हते, आणि न बोलणाऱ्यांची कारणं बोलणाऱ्यांसारखीच असतील असं धरून चालता येत नाही. ज्यांनी पैसे घेतले नव्हते त्या 55 नावांतून आठ नंबर चिठ्ठ्यांनी काढले आणि मी स्वतः फोन केला. पाच जणांनी उचलला. त्यातल्या तिघांना आता जवळच आगळ-मसाला मिळत होता. कोणाच्या भावजयीनंच करायला सुरुवात केली होती, कोणाच्या सोसायटीखालच्या दुकानात आलं होतं. त्यांची तक्रार काहीच नव्हती. "सांगण्यासारखं काय होतं त्यात?" असं एक काका म्हणाले. लेखी उत्तरांत हे कारण जवळपास दिसलंच नव्हतं.

पाच माणसांवरून मोठा निष्कर्ष निघत नाही. पण सांडण्याचं कारण 37 मध्ये 13 म्हणून एकूण 88 मध्येही त्याच प्रमाणात असेल, असं आम्ही म्हटलं नाही. राग असलेला माणूस लिहितो. ज्याची सोय दुसरीकडे झाली त्याला लिहावंसं वाटत नाही.

पुढे काय केलं

मे महिन्याचं आगळ प्लास्टिकच्या झाकणांच्या आणि आतून चकती असलेल्या बाटल्यांत भरलं. प्रत्येक खोक्यातल्या बाटल्या रात्रभर आडव्या ठेवून मगच बांधायच्या, असा नियम झाला. महिन्याची यादी एकेक करून पाठवायला भाचीचे दोन तास जातात, पण ब्रॉडकास्ट बंद झालं. कुरियरच्या खर्चावर नीट तोडगा निघालेला नाही. एकाच इमारतीतल्या दोनतीन घरांनी मिळून मागवावं असं सुचवून बघितलं, ते मुंबईत थोडं चाललं, पुण्यात नाही.

एप्रिलमध्ये भाचीला नव्या आगळाची जाहिरात त्या 88 जणांना पाठवायची होती. नंबर ताजे, माणसं नुकतीच बोललेली. ताईंनी नाही म्हटलं. विकायला मेसेज करणार नाही असं लिहिलं होतं. त्याऐवजी मे महिन्यात एकच मेसेज गेला, त्यात फक्त काय कळलं आणि काय बदललं ते होतं: बाटली बदलली, झाकण बदललं, ज्यांच्याकडे सांडलं त्यांची क्षमा मागतो. दर नाही, यादी नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत पैसे घेतलेल्या 33 जणांपैकी 12 जणांनी पुन्हा ऑर्डर दिली, उरलेल्या 55 पैकी 6 जणांनी. यावरून सर्वेक्षणानं ग्राहक परत आणले असं मी म्हणणार नाही. ज्यांना अजून आपुलकी होती तेच उत्तर देणार आणि तेच परतणार, हेही तितकंच शक्य आहे.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्या 20 जणांना पाठवलेला मेसेज मी अडवायला हवा होता, असं एक मन म्हणतं. त्या 20 जणांना पुन्हा विचारता आलं नाही. दुसरं मन म्हणतं, ती पाच गोड उत्तरं समोर आली नसती तर ताईंनी सूट सोडून रोख पैसे द्यायला होकार दिला नसता. तरी 20 ऐवजी 10 जणांवर भागलं असतं.

50 रुपयांची जागा रिकामी सोडता येते हे मेसेजमध्ये होतं, पण दोन वयस्कर ग्राहकांना ते खटकलंच. एक निवृत्त शिक्षिका बोलताना म्हणाल्या, "मजुरी देताय का मला?" पुढच्या वेळी त्या वयाच्या माणसांना मोबदल्याचं न लिहिता ताईंनी फोनच करावा, असं ठरलं आहे.

आणि सर्वांत आधी करायला हवं होतं ते आता होतंय. प्रत्येक खोक्यात ताईंच्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी असते: "खोका उघडल्यावर आतलं सगळं कोरडं होतं का? हो किंवा नाही, एवढंच कळवा." पहिल्या महिन्यात तीन "नाही" आले. तिन्ही खोके एकाच दिवशी बांधलेले होते आणि त्या दिवशी बाटल्या रात्रभर आडव्या ठेवायच्या राहून गेल्या होत्या.